पाच पाळ्या आणि दोन झडपा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीच्या बेटावर थ्री माईल आयलंड हे अणुवीज केंद्र आहे. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीला 28 मार्च 1979 रोजी पहाटे चार वाजता अपघात झाला. त्याची कथा बहुतेकदा एका उघड्या राहिलेल्या झडपेभोवती सांगितली जाते. आपण मात्र इथे बंद राहिलेल्या दोन झडपांकडे पाहणार आहोत.

अणुभट्टीतली उष्णता बाष्पजनित्रात येते आणि तिथल्या पाण्याची वाफ होते. या बाष्पजनित्राला पाणी पुरवणारे मुख्य पंप बंद पडले, तर आणीबाणीचे तीन पंप आपोआप सुरू होतात. त्या पहाटे मुख्य पंप बंद पडले आणि काही सेकंदांत हे तिन्ही पंप ठरल्याप्रमाणे सुरूही झाले. पण पाणी बाष्पजनित्रापर्यंत पोहोचलेच नाही, कारण वाटेवरच्या दोन झडपा बंद होत्या. पंप चालू आहेत हे कर्मचाऱ्यांनी पाहिले आणि पाणी जात असणार असे गृहीत धरले. झडपा बंद असल्याचे दाखवणारे दोन दिवे समोरच्या फलकावर होते. त्यांपैकी एक दुरुस्तीच्या पिवळ्या चिठ्ठीखाली झाकला गेला होता. दुसरा का दिसला नाही, हे कुणालाच नीट सांगता आले नाही. आठ मिनिटांनी एकाच्या लक्षात आले आणि झडपा उघडल्या गेल्या.

या झडपा बंद कधी झाल्या? अपघाताच्या 42 तास आधी, म्हणजे 26 मार्चला सकाळी, आणीबाणीच्या पंपांची नेहमीची चाचणी झाली होती. चाचणीपुरत्या या झडपा बंद करायच्या आणि नंतर उघडायच्या, अशी पद्धत होती. (दोन्ही एकाच वेळी बंद करणे हे परवान्यातल्या अटींविरुद्ध होते, पण चाचणीची लेखी कृतीच तशी होती.) त्या पुन्हा उघडल्याच गेल्या नाहीत, ही एक शक्यता चौकशी आयोगाने नोंदवली. अपघाताच्या पहिल्या क्षणांत कुणी चुकून त्या बंद केल्या असाव्यात, हीही शक्यता आयोगाने नोंदवली. नक्की काय झाले ते कधीच ठरले नाही.

इथे एक साधे गणित करू. पहिली शक्यता खरी मानली आणि आठ तासांची पाळी धरली, तर 42 तासांत पाच वेळा पाळी बदलते. पाच वेळा नवी माणसे आली, जुन्यांशी बोलली आणि फलकासमोर बसली. तरी झडपांची स्थिती कुणाच्या ध्यानात आली नाही. जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने याचे कारण नेमके पकडले : पाळी बदलताना केंद्राची स्थिती आणि झडपांची मांडणी पद्धतशीर तपासली जातच नव्हती. आमच्या मते आयोगाच्या अहवालातले हे वाक्य फार मोलाचे आहे, कारण त्यात दोष एका माणसावर जात नाही. जी तपासणी ठरलेलीच नाही ती चुकली, हे कळणार तरी कसे?

जुलै 1979 मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाच्या अभ्यासगटाने पाळीबदलासाठी लेखी तपासयादी सुचवली आणि पुढे ती सर्व केंद्रांना लागू झाली. जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने ती मिळून भरायची. महत्त्वाची मापे मर्यादेत आहेत का, सुरक्षेच्या यंत्रणा तयार असून त्यांची मांडणी बरोबर आहे का, हे तीत पाहायचे. आम्हाला सर्वांत विचारपूर्वक वाटतो तो पुढचा भाग : जी यंत्रणा सध्या अपुरी आहे, तिचे नाव लिहायचे, आणि ती किती वेळ तशी आहे हे परवान्याने दिलेल्या मुदतीशी ताडून पाहायचे. म्हणजे ‘झडपा चाचणीसाठी बंद’ ही नोंद एका पाळीकडून दुसरीकडे जात राहते आणि प्रत्येक वेळी तिच्यापुढचे तास वाढलेले दिसतात. काम अर्धवट राहिले असेल, तर ते पुढच्या माणसाला वाचावेच लागते.

अर्थात यादीलाही मर्यादा आहेत. रिकामी राहिलेली चौकट लगेच डोळ्यांत भरते, पण न पाहता केलेली खूण खऱ्या खुणेसारखीच दिसते. म्हणून पाळीबदलाची पद्धत खरोखर उपयोगी पडते आहे का, हे वेळोवेळी तपासण्याची व्यवस्थाही अभ्यासगटाने मागितली होती. पुढे 1980 मध्ये आणखी एक अट आली. सुरक्षेच्या यंत्रणेवर चाचणी किंवा दुरुस्ती झाली, की ती पूर्ववत झाली आहे का, हे काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणत्या माणसाने तपासायचे.

त्या आठ मिनिटांमुळे अपघाताचा शेवट बदलला, असे मात्र केमेनी आयोगाला वाटले नाही. अणुभट्टीचा गाभा वितळला तो मुख्यतः वर उल्लेखिलेल्या उघड्या झडपेतून पाणी जात राहिल्यामुळे. बंद झडपांनी गोंधळात भर घातली, आणि तीही नेमक्या पहिल्या काही मिनिटांत.