यांत्रिक ऊर्जेची अक्षय्यता : उदाहरणे सोडवण्याची रीत

पदार्थाच्या गतिज ऊर्जेची (½mv²) व स्थितिज ऊर्जेची (mgh) बेरीज म्हणजे यांत्रिक ऊर्जा. घर्षण व हवेचा रोध नगण्य असून केवळ गुरुत्वबल कार्य करीत असेल, तर ही बेरीज बदलत नाही.

उदाहरण : १० किग्रॅ वस्तुमानाचे पोते मोटरने एकसमान वेगाने ५ सेकंदांत ५ मी उंच नेले आणि तेथून ते सुटले. मोटरची शक्ती व पोत्याचा जमिनीलगतचा वेग काढा. (g = ९.८ मी/से²)

पायरी १. कार्य : W = mgh = १० × ९.८ × ५ = ४९० ज्यूल. हीच पोत्याची वरची स्थितिज ऊर्जा.

पायरी २. शक्ती : P = W/t = ४९०/५ = ९८ वॅट.

पायरी ३. वेग : जमिनीलगत h = ० असल्याने सर्व ऊर्जा गतिज असते.
½ × १० × v² = ४९०
v² = ९८
v ≈ ९.९ मी/से

पडताळा : २ मी उंचीवर स्थितिज ऊर्जा १० × ९.८ × २ = १९६ ज्यूल, म्हणून गतिज ऊर्जा ४९० − १९६ = २९४ ज्यूल. v² = ५८.८, म्हणजे v ≈ ७.७ मी/से. हा वेग जमिनीलगतच्या वेगापेक्षा कमीच हवा. तो जास्त आला, तर बहुधा स्थितिज ऊर्जा वजा करण्याऐवजी मिळवलेली असते.

मर्यादा : हेच पोते ५ मी उंचीवरून घसरणफळीवरून सोडले आणि तळाशी वेग ९ मी/से आढळला, तर गतिज ऊर्जा ½ × १० × ८१ = ४०५ ज्यूल. उरलेल्या ८५ ज्यूल ऊर्जेचे घर्षणामुळे मुख्यतः उष्णतेत रूपांतर झाले. येथे एकूण ऊर्जा कायम राहते, यांत्रिक ऊर्जा मात्र घटते.