हरितक्रांतीच्या निबंधात 'कोणाला?' हा प्रश्न कुठे आहे?

वाणगाव स्टेशनच्या आसपासच्या गावांतली आणि पाड्यांवरची काही मुलं-मुली कृषी सेवेच्या परीक्षेचा अभ्यास करतात. रविवारी आम्ही त्यांच्यासोबत बसतो. मागच्या आठवड्यात विषय होता, 'हरितक्रांती : फायदे आणि तोटे'. सगळ्यांचे निबंध जवळपास एकसारखे आले. फायदे म्हणजे उत्पादन वाढलं, आयात थांबली, देश स्वयंपूर्ण झाला. तोटे म्हणजे जमीन नापीक झाली, भूजल खाली गेलं, कीटकनाशकं वाढली. खोटं यात काहीच नाही. पण एका मुलीने वाचता वाचता थांबून विचारलं, "यात आपण कुठे आहोत?" तिच्या घरी जमीन नाही. आई लावणीच्या मजुरीला जाते.

त्या प्रश्नाचं उत्तर निबंधाच्या साच्यात सापडत नाही, कारण त्या साच्यात 'देश' असतो, 'जमीन' असते, पण जमीन कोणाची हे नसतं. म्हणून आम्ही ठरवलं, पंजाब बाजूला ठेवायचा आणि हाच विषय आपल्या भाताच्या खाचरात उभं राहून समजून घ्यायचा.

आधी एक आकडा बघा. १९६४-६५ साली देशात गहू सुमारे १.२३ कोटी टन पिकला आणि १९७०-७१ साली २.३८ कोटी टन, म्हणजे सहा वर्षांत जवळपास दुप्पट. याच काळात तांदूळ ३.९३ कोटी टनांवरून ४.२२ कोटी टनांवर गेला. म्हणजे पहिली काही वर्षं ही क्रांती गव्हाची होती, भाताची नव्हती. असं का झालं? बियाणं भातालाही मिळालं होतं. तैचुंग नेटिव्ह-१ हे बुटकं भात १९६५-६६ च्या सुमारास भारतात आलं, १९६६ मध्ये फिलिपिन्सच्या संशोधन संस्थेने आयआर-८ दिलं, १९६८ मध्ये आपल्याकडे 'जया' आली. मग अडलं कुठे?

अडलं ते पाण्यावर, आणि पाणी कोणाच्या हातात आहे त्यावर. जुनं भात उंच वाढायचं, छातीएवढं. त्याला खत जास्त घातलं तर ओंबीच्या वजनाने ते आडवं पडायचं, म्हणून जास्त खत घालून उपयोग नव्हता. बुटक्या भाताची सगळी करामत इथे आहे. ताट आखूड आणि ताठ, म्हणून खत पचवतं आणि लोळत नाही. पेंढ्यात जाणारी ताकद दाण्यात येते. बियाण्यात जादू नव्हती, खत पेलण्याची क्षमता होती. खत नाही तर ते बियाणं जुन्या भातापेक्षा फार पुढे जात नाही.

आता हिशोब करा. हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस धरली तर एकराला ४० किलो नत्र लागतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एकराला साधारण ८७ किलो युरिया, आजच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांना थोडा कमी. हा एकदम टाकून चालत नाही, दोन-तीन हप्त्यांत द्यावा लागतो. प्रत्येक हप्त्याच्या आधी खाचरातलं पाणी काढायचं, खत द्यायचं, मग पुन्हा पाणी बांधायचं. कालव्यावरच्या शेतात हे जमतं. आपल्याकडे जुलैत आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, बांध भरून वाहतो आणि वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं. युरिया टाकला आणि रात्री पाऊस आला की ते खत ओढ्यात जातं. सखल खाचरात बुटकं रोप पाण्याखालीच बुडतं, उंच भात डोकं वर काढून उभं राहतं. म्हणून कोकणपट्टीतल्या माणसाने नवं बियाणं लगेच घेतलं नाही, तर तो मागासलेला नव्हता. तो त्याच्या खाचराचं पाणी ओळखत होता.

सरकारलाही हे माहीत होतं. १९६० नंतर 'पॅकेज' कार्यक्रम आला, तेव्हा पाण्याची खात्री असलेले जिल्हे निवडायचे असं धोरणच होतं. महाराष्ट्रातून निवडला गेला तो तलावांचा भंडारा जिल्हा. जिथे आधीच आहे तिथे आणखी द्यायचं, हे धोरण तेव्हापासून लिहून ठेवलेलं आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. ही आम्हाला एका पाड्यावरच्या आजींनी समजावली, कोणत्याही पुस्तकाने नाही. कमी दिवसांच्या भाताचं रोप साधारण तीन आठवड्यांचं असताना लावावं लागतं. रोप म्हातारं झालं की फुटवे कमी येतात आणि उतारा पडतो. जुनं लांब मुदतीचं भात थोडा उशीर सोसून घेतं. आता आजींचं म्हणणं असं की पाऊस लागला की त्यांच्या घरची सगळी माणसं आधी मोठ्या शेतकऱ्याच्या लावणीला जायची, कारण मजुरी तिथे आणि उचल आधीच घेतलेली. स्वतःची अर्धा एकर सगळ्यात शेवटी. तोवर राबातलं रोप महिन्यापलीकडे गेलेलं. तेच बियाणं, तोच पाऊस, पण एकाच्या खाचरात भरलेली ओंबी आणि दुसऱ्याच्या खाचरात पळींज. कृषी अधिकारी बियाणं तपासेल, माती तपासेल. लावणीचा क्रम कोण तपासणार?

आजी आणखी एक म्हणाल्या, पेंढा गेला. बुटक्या भाताचा पेंढा आखूड आणि कमी. त्याच पेंढ्यावर बैल जगायचा आणि घर शाकारलं जायचं. निबंधातल्या 'उत्पादन' या शब्दात फक्त दाणा मोजला जातो.

आता इतिहास. हे बियाणं आलं तेव्हा जमीन कोणाकडे होती? १९४८ च्या मुंबई कुळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ मालक होणार असं ठरलं. अनेक ठिकाणी त्याआधीच कुळांकडून 'राजीखुशीने' जमिनी सोडवून घेतल्या गेल्या. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा आला तो १९५८ साली. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो भूमिहीन सत्याग्रह करून तुरुंगात गेले. मागणी साधी होती, पडीक जमीन कसायला द्या. तारखा जुळवून बघा. १९६४ मध्ये आपले लोक जमीन मागत होते, आणि दोनच वर्षांनी बियाणं-खत-कर्जाचं पॅकेज आलं ते सातबारा असलेल्यांसाठी. जमिनीचा प्रश्न न सोडवता उत्पादनाचा प्रश्न सोडवला गेला. हीच आमच्या मते हरितक्रांतीची खरी किंमत आहे, आणि ती कुठल्याच तक्त्यात येत नाही.

याला पर्याय नव्हता असं कोणी म्हणेल. पर्याय कागदावर होता. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितलं की तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि साधनं लागतात त्यावर ठरतं. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये ते पुढे गेले. शेती राज्याची, ती गावकऱ्यांना जातिभेद न करता सामूहिक कसायला द्यायची, म्हणजे जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर हे प्रकारच उरणार नाहीत. आणि पाणी, जनावरं, अवजारं, खत, बियाणं पुरवणं हे राज्याचं कर्तव्य. नीट बघा, ही जवळपास हरितक्रांतीचीच यादी आहे, वीस वर्षं आधीची. फरक एवढाच की बाबासाहेबांनी यादीच्या आधी जमिनीची मालकी सोडवली होती. सरकारने यादी घेतली आणि ती अट सोडून दिली.

आता दुसरी बाजू, कारण एकतर्फी लिहिणं म्हणजे अभ्यास नव्हे. भूमिहीन माणूस धान्य विकत नाही, विकत घेतो. धान्य वाढलं, सरकारी गोदामं भरली, रेशनवर तांदूळ-गहू मिळू लागला, याचा फायदा सगळ्यात जास्त त्यालाच झाला. १९७२ च्या दुष्काळात परदेशातला लाल मिलो खाऊन दिवस काढलेली माणसं अजून आहेत. त्यांना विचारा, स्वतःच्या देशातलं धान्य म्हणजे काय. नव्या भाताला लावणी, बेणणी, खत देणं यासाठी हात जास्त लागले, मजुरीचे दिवसही वाढले. हे नाकारणारा कार्यकर्ता पोटाची भाषा विसरला आहे.

पण त्या फायद्यातही मेख आहे. रेशनवर आला तो तांदूळ आणि गहू. वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरई, म्हणजे वारली-कोकणा घरांचं रोजचं अन्न, या क्रांतीच्या बाहेर राहिली. तिला ना तसं बियाणं, ना तशी खरेदी. उतारावरचा शेतकरी स्वतःचं धान्य पिकवणाऱ्यातून रेशनच्या रांगेत आला.

आणि आज? वाणगाव परिसर मिरची आणि ढोबळी मिरचीसाठी ओळखला जातो. पण विहीर, ठिबक आणि भांडवल ज्याच्याकडे त्याचीच मिरची. भात सरकारी केंद्रावर विकायचं तर सातबारा लागतो. वनहक्काची जमीन वारसाने मिळते पण हस्तांतर करता येत नाही, म्हणून ती गहाण ठेवून कर्ज काढता येत नाही. सूर्या प्रकल्प आदिवासी भागाच्या सिंचनासाठी उभा राहिला, त्याचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळाला वळवलं गेलं. ज्या पाण्याअभावी साठच्या दशकात आपल्या खाचरात नवं भात टिकलं नाही, ते पाणी धरणात आल्यावरही खाचरापर्यंत पूर्ण पोचलं नाही.

म्हणून त्या मुलीला आम्ही सांगितलं, दोन रकाने खोड आणि चार कर. जमीनमालक, अल्पभूधारक किंवा कूळ, मजूर आणि धान्य विकत घेणारा. प्रत्येक फायदा-तोटा यांतल्या कोणत्या रकान्यात जातो ते लिही. उत्पादन वाढलं, हे पहिल्या आणि चौथ्या रकान्यात जाईल. मजुरीचे दिवस तिसऱ्यात. म्हातारं रोप आणि वाहून गेलेलं खत दुसऱ्यात. तिने तसं लिहून आणलं. तिच्या आईचं नाव, म्हणजे तिच्या आईचं काम, तीन रकान्यांत आलं होतं. पहिला तेवढा रिकामा राहिला. तो रिकामा का आहे, इथून तिने निबंध सुरू केला.