करारात लवादाचे कलम असले तरी न्यायालयात दाद मागता येते का?

करारात लवादाचे कलम असले की न्यायालयाचा दरवाजा बंद झाला, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याची योजना मात्र तशी नाही. छत्तीसगडच्या रायपूर जिल्ह्यातील अभनपूर येथे एखाद्या तांदूळ गिरणीने मालवाहतुकीचा करार केला, त्यात लवादाचे कलम घातले आणि थकलेल्या भाड्यासाठी वाहतूकदाराने तरीही दिवाणी दावा लावला, असे समजू. हा दावा आपोआप रद्द होत नाही. लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ८ नुसार गिरणीमालकानेच मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत जोडून प्रकरण लवादाकडे पाठविण्याची मागणी करावी लागते. वादाच्या गुणदोषांवरील आपले पहिले निवेदन सादर करण्यापर्यंतच ही मुदत असते. कैफियत देऊन झाल्यावर जाग आली, तर दावा सामान्यतः न्यायालयातच चालतो.

मागणी वेळेत झाली म्हणजे ती मान्य होतेच असे नाही. यावरील महत्त्वाचा निवाडा मुंबईतील नेपियन सी रोडवरील सदनिकांच्या वादातून आला. सदनिकांच्या मालक कंपन्यांनी एसबीआय होम फायनान्सकडून कर्ज घेतले होते. बूझ ॲलन अँड हॅमिल्टन ही कंपनी तेथे परवानाधारक म्हणून राहत होती आणि तिने ६.५ कोटी रुपयांची परतावा अनामत दिली होती. अनामतीच्या १९९६ मधील करारात लवादाचे कलम होते. कर्जवसुलीसाठी तारण सदनिका विकावी, असा दावा एसबीआय होम फायनान्सने १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल केला. बूझ ॲलनने २००१ मध्ये लवादाची मागणी केली. उच्च न्यायालयाने ती फेटाळली.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०११ रोजी दोन मुद्दे बूझ ॲलनच्या बाजूने दिले. वाद लवादाच्या कलमात बसतो आणि अंतरिम मनाई अर्जाला विरोध करणारे प्रतिज्ञापत्र म्हणजे दाव्याच्या गुणदोषांवरील निवेदन नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही अपील फेटाळले गेले. तारण मालमत्तेची विक्री हा केवळ दोन पक्षांमधील देण्याघेण्याचा प्रश्न नसतो. त्या मालमत्तेत हितसंबंध असणाऱ्या इतरांनाही न्यायालयाला सामील करून घ्यावे लागते. लवादाची सत्ता करारातील पक्षांपुरतीच असते. म्हणून असा हुकूम न्यायालयच देऊ शकते. निव्वळ पैशाची वसुली मागितली असती, तर निकाल वेगळा लागू शकला असता. लवादाचे कलम लागू पडते की नाही, हे पाहताना म्हणूनच कराराइतकेच दाव्यातील मागणीकडेही पाहावे लागते.

गुन्हेगारी फिर्याद, घटस्फोट, दिवाळखोरी ही प्रकरणेही त्याच निवाड्याने लवादाबाहेर मानली.

लवाद मान्य असूनही तातडीने न्यायालयात जाण्याची एक वाट कलम ९ मध्ये आहे. समोरचा पक्ष माल विकून टाकील, अशी भीती असेल तर अंतरिम संरक्षण मागता येते. लवादाची कार्यवाही सुरू होण्यापूर्वी असा आदेश मिळाला, तर ती ९० दिवसांत किंवा न्यायालयाने वाढवून दिलेल्या मुदतीत सुरू करणे बंधनकारक असते.