सायटोक्रोम-सी आणि 1967 चा वंशवृक्ष

1967 साली वॉल्टर फिच आणि इमॅन्युएल मार्गोलिआश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वीस सजीवांचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी सायटोक्रोम-सी हे एकच प्रथिन वापरले. त्यात दोन विचित्र गोष्टी होत्या. कासव सापापेक्षा पक्ष्यांच्या जवळ होते आणि कांगारू इतर सस्तन प्राण्यांमध्ये मिसळले होते. यातले खरे कोणते, हे झाड पाहून ठरवता येईल का?

आधी फांद्या कशा मोजतात ते पाहू. माणूस, ऱ्हीसस माकड आणि घोडा यांच्या सायटोक्रोम-सीमध्ये प्रत्येकी 104 अमिनो आम्ले असतात. म्हणून तिन्ही क्रम एकाखाली एक सरळ मांडता येतात. यीस्टचा क्रम लांब असल्याने तिथे मात्र रिकाम्या जागा सोडाव्या लागतात. स्तंभागणिक फरक मोजले की माणूस–माकड 1, माणूस–घोडा 12 आणि माकड–घोडा 11 असे आकडे मिळतात. तिन्ही फांद्या एका बिंदूत मिळतात असे धरा:

```
माणूस = (1 + 12 − 11) / 2 = 1
माकड  = (1 + 11 − 12) / 2 = 0
घोडा  = (12 + 11 − 1) / 2 = 11
```

58 व्या स्थानी माकड व घोडा यांच्यात थ्रिओनिन आहे, माणसात आयसोल्युसिन. म्हणजे तो एक बदल माणसाच्या फांदीवर पडतो. परंतु 11 ही लांबी एकट्या घोड्याची समजू नका. या झाडाला मूळ नाही, ते याच फांदीवर कुठेतरी आहे. शिवाय लांबी म्हणजे बदलांची संख्या, वर्षे नव्हेत. एकाच स्थानी दोनदा झालेला बदलही या मोजणीत दिसत नाही.

आता फांदीवर विश्वास किती ठेवायचा? यासाठी 1985 मध्ये जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी बूटस्ट्रॅप पद्धत सुचवली. 104 स्तंभांतून चिठ्ठी काढून परत टाकत पुन्हा 104 स्तंभ निवडायचे, त्यांवरून झाड बांधायचे आणि हे शेकडो वेळा करायचे. एखादा गट जितक्या टक्के झाडांत येतो, तो त्याचा आधार. समजा, एका गटाच्या बाजूने एकच स्तंभ आहे आणि विरोधात एकही नाही. तो स्तंभ निवडीतून सुटण्याची शक्यता सुमारे 37 टक्के, म्हणून आधार 63 च्या आसपास येतो. असे तीन स्तंभ असतील, तर आधार सुमारे 95 होतो.

पण बूटस्ट्रॅप फक्त एवढेच सांगतो की हाती असलेले स्तंभ एकमताने बोलतात का. सगळेच स्तंभ एका दिशेने फसवत असतील, उदाहरणार्थ दोन लांब फांद्या चुकून एकत्र ओढल्या जात असतील, तर चुकीच्या गटालाही 100 मिळू शकतात.

पुढे अनेक जनुकांच्या अभ्यासातून कासवाची जागा पक्षी व मगरींजवळच ठरली, कांगारूची मात्र चुकीची निघाली. एकाच झाडावरच्या दोन आश्चर्यांपैकी एक खरे ठरले, एक खोटे. निवाडा दिला तो इतर जनुकांनी.