तेरा आमदार आणि एक तारीख

पक्षांतराचा कायदा म्हटला की आपल्याला आकडेच आठवतात. परंतु उत्तर प्रदेशातील २००३ चे प्रकरण वाचताना आमच्या ध्यानात आले की, खरा झगडा तारखेचा होता.

मायावतींचे सरकार नुकतेच गेले होते. २७ ऑगस्ट २००३ रोजी बहुजन समाज पक्षाच्या तेरा आमदारांनी राज्यपालांना भेटून पत्र दिले की, मुलायमसिंह यादव यांना सरकार बनवण्यास बोलवावे. विरोधी नेत्यासाठी असे पत्र देणे म्हणजे स्वपक्षाचे सदस्यत्व स्वखुशीने सोडणेच. त्याला तोंडी राजीनामा लागत नाही. ४ सप्टेंबरला बसपाने त्यांच्या अपात्रतेचा अर्ज सभापतींकडे दिला.

१९८५ च्या दहाव्या अनुसूचीत तेव्हा एक पळवाट होती. विधिमंडळ पक्षाचे एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती 'फूट' ठरे आणि सारे सुटत. बसपाचे आमदार १०९, म्हणजे किमान ३७ हवेत. तेरा जणांनी काय होणार? ६ सप्टेंबरला सभापतींपुढे ३७ जण उभे राहिले. म्हणाले, फूट २६ ऑगस्टलाच, लखनौच्या दारुलशफामध्ये झाली. पत्राच्या बरोबर एक दिवस आधी! सभापती केसरीनाथ त्रिपाठी यांनी डोकी मोजली आणि त्याच दिवशी फूट मान्य केली. अपात्रतेचा आधीचा अर्ज मात्र तसाच पडून राहिला. तो फेटाळला गेला सप्टेंबर २००५ मध्ये.

सभापतींना इतका अधिकार का? १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने तो मान्य केला. मात्र सभापती तिथे न्यायाधिकरण म्हणून बसतो, म्हणून निर्णयानंतर त्याची न्यायालयीन तपासणी होऊ शकते असेही म्हटले. दोन न्यायमूर्तींचे मत वेगळे होते: ज्याची खुर्चीच बहुमतावर टिकते, त्याच्याकडे हा निवाडा नको. आम्हाला ते मत अधिक पटते.

१४ फेब्रुवारी २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेरा जणांना २७ ऑगस्ट २००३ पासून अपात्र ठरवले. पक्ष सोडला त्या दिवशी ३७ जण फुटल्याचा पुरावा नव्हता. नंतर जमवलेली माणसे मागच्या तारखेला धावून येऊ शकत नाहीत, असा त्या निकालाचा अर्थ. तोवर साडेतीन वर्षे उलटली होती. विधानसभेची मुदत संपत आली होती. दरम्यान एक तृतीयांशची पळवाटही घटनादुरुस्तीने बंद झाली होती. राहिली ती विलीनीकरणाची, दोन तृतीयांशची.

सभापतींनी निर्णय किती दिवसांत द्यावा, हे मात्र अनुसूचीत कुठेच लिहिलेले नाही. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने साधारण तीन महिने म्हटले. आपल्या महाराष्ट्रात जून २०२२ च्या शिवसेना फुटीचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी दिला, तोही न्यायालयाने मुदत बांधून दिल्यावर. कुणीच अपात्र ठरले नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नवी निवडणूक झाली.