जर्मनीत फी माफ, पण पहिल्या वर्षाला लागतात साडेसोळा लाख. कुठे आणि कसे, वाचा पूर्ण हिशेब

पौड (ता. मुळशी) : हिंजवडी, पिरंगुट, चाकणच्या कंपन्यांमुळे आपल्या तालुक्यातल्या इंजिनीअर झालेल्या मुलांच्या तोंडी सध्या जर्मनीचं नाव जास्त आहे. गावात चर्चा एकच, "तिकडं शिक्षण फुकट आहे." हे निम्मं खरं आहे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही. पण मुलगा विमानात बसण्याआधी घरातून किती पैसे बाहेर पडतात, हे कुणी नीट सांगत नाही. एजंट फीचा आकडा सांगतो आणि बाकीचं नंतर कळतं. तोपर्यंत घरात जमीन विकायची की कर्ज काढायचं, ही बोलणी सुरू झालेली असतात. म्हणून मास्टर्ससाठी जाणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाचा हिशेब इथे मांडला आहे.

हिशेबासाठी युरोचा बाजारभाव 105 रुपये धरला आहे. 2025 च्या अखेरीस तो याच्या आसपास होता. तुम्ही वाचाल त्या दिवशी वेगळा असेल, तेव्हा आकडे त्या भावाने बदलून घ्या.

फी शून्य, पण सगळीकडे नाही

फी नसली तरी प्रत्येक सेमिस्टरला विद्यापीठ एक वर्गणी घेते. ती शहरानुसार साधारण 100 ते 400 युरो असते. बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-रेल्वेचा पास येतो. आपण वर्षाचे 600 युरो धरू.

दोन अपवाद लक्षात ठेवा. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग या भागात, 2017 पासून आपल्यासारख्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. वर्षाला ते 3,000 युरो, म्हणजे तीन लाखांच्या वर झाले. म्युनिकचं टेक्निकल विद्यापीठही 2024 च्या हिवाळी सत्रापासून फी घेतं. ती कोर्सनुसार सेमिस्टरला 2,000 ते 6,000 युरो आहे. त्यामुळे ॲडमिशन लेटर आलं की आधी विद्यापीठ कोणत्या राज्यात आहे ते बघा.

ब्लॉक अकाउंट : सगळ्यात मोठा आकडा

व्हिसासाठी जर्मन सरकारला एक वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच जमा दाखवावा लागतो. हे पैसे ब्लॉक अकाउंटमध्ये ठेवतात. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे. मुलगा तिकडे पोचून तिथल्या बँकेत खातं उघडेपर्यंत यातला एक युरोही हातात येत नाही. त्यानंतर दर महिन्याला 992 युरो सुटतात.

हे पैसे तुमचेच आहेत, खर्चही मुलगाच करणार. पण घरातून ते एकरकमी आणि आधीच जातात. दर महिन्याला थोडे पाठवू, असं चालत नाही.

992 युरोत महिना भागतो का? मध्यम शहरात साधारण असा भागतो :

- खोली भाडं (हॉस्टेल किंवा वाटून घेतलेला फ्लॅट) : 400 युरो
- आरोग्य विमा : 145 युरो
- किराणा, स्वतः रांधून : 220 युरो
- रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी : 18 युरो
- मोबाईल, कपडे, इतर : 130 युरो

एकूण 913 युरो. वर्षाचे 10,956. त्यात सेमिस्टर वर्गणीचे 600 मिळवले की 11,556 होतात. म्हणजे वर्षाच्या शेवटी हातात 348 युरोच उरतात. म्युनिकसारख्या शहरात खोलीच 700-800 युरोला जाते, तिथे हा हिशेब कोलमडतो.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरामागे असते, टीव्ही असो वा नसो. चार जण एका फ्लॅटमध्ये असतील तर चौघांत वाटली जाते.

पहिल्या महिन्याची अडचण

बहुतेक घरं इथे फसतात. ब्लॉक अकाउंट भरलं की सगळं झालं असं वाटतं. पण घरमालक चावी देतानाच डिपॉझिट मागतो. जर्मन कायद्याने तो तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट घेऊ शकतो. मूळ भाडं म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरण्याआधीचं भाडं. भाड्याची जाहिरात वाचताना त्यात 'काल्ट' लिहिलंय की 'वार्म' ते बघा. काल्ट म्हणजे मूळ भाडं, वार्म म्हणजे हीटिंगसकट. 300 युरो काल्ट आणि 400 वार्म असं सहज असतं.

डिपॉझिट साधारण 1,000 युरो धरा. खोली सोडताना ते परत मिळतं, पण आज तर द्यावंच लागतं. पहिल्या महिन्याचं भाडं आणि जेवण 900 युरो. गादी, भांडी, थंडीचा कोट वगैरे 400 युरो. असे 2,300 युरो ब्लॉक अकाउंटच्या वेगळे, फॉरेक्स कार्डवर किंवा रोख हवेत. वर्षअखेरी वाचलेल्या 348 युरोंनी यातलं काहीच भागत नाही, कारण ते पैसे तेव्हा सुटलेलेच नसतात.

खोली न बघता कुणालाही डिपॉझिट पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल" असा मेसेज आला तर तो फसवणुकीचाच समजा. ॲडमिशन मिळाल्याच्या दिवशीच विद्यार्थी हॉस्टेलला अर्ज करावा, तिथे रांग मोठी असते.

विमा : स्वस्त पाहून सही करू नका

तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा महिन्याला साधारण 140 ते 150 युरोला मिळतो. खाजगी विमा कधी 40-50 युरोत मिळतो आणि तो घ्यावासा वाटतो. पण तो घेऊन एकदा सरकारी विम्यातून सूट मागितली की शिक्षण संपेपर्यंत परत सरकारी विम्यात येता येत नाही. खाजगी विम्यात जुनं दुखणं वगळलेलं असू शकतं. वय तीसच्या पुढे असेल तर विद्यार्थी दर मिळत नाही, खर्च वाढतो. सेमिस्टर सुरू होण्याआधी मुलगा पोचत असेल तर मधल्या दिवसांचा प्रवास विमा वेगळा काढावा लागतो.

रुपयाचा युरो होताना किती गळती?

मोबाईलवर युरोचा भाव 105 दिसतो. बँकेत गेलात की 107.50 लावतात. हा अडीच रुपयांचा फरक म्हणजे बँकेची कमाई. पावतीवर ती वेगळी लिहिलेली नसते, म्हणून लक्षात येत नाही. 11,904 युरोवर ती 29,760 रुपये होते. इंद्रायणीच्या तांदळाच्या किती पोत्यांचे पैसे झाले, ते तुम्हीच बघा.

त्याशिवाय चलन बदलावर जीएसटी लागतो, तो या रकमेवर हजार-अकराशे रुपये. परदेशी ट्रान्सफरचा चार्ज हजार-दीड हजार. तिसरी गोष्ट अशी की मधली एखादी परदेशी बँक वाटेत 15-25 युरो कापून घेते. मग ब्लॉक अकाउंटमध्ये 11,904 ऐवजी 11,880 पोचतात आणि व्हिसासाठीचं पत्र अडतं. म्हणून बँकेच्या फॉर्मवर चार्जेसच्या रकान्यात OUR लिहायला सांगा. त्याचा अर्थ मधले चार्जेस आम्ही इथेच भरतो.

भाव विचारताना "आज युरो काय आहे" असं विचारू नका. असं विचारा : "तिकडे बरोबर 11,904 युरो पोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" हाच प्रश्न एकाच दिवशी, एकाच तासात तीन ठिकाणी विचारा. जो आकडा सगळ्यात कमी, तो स्वस्त. "चार्ज शून्य" म्हणणारा बरेचदा भावात काढून घेतो. रक्कम मोठी असल्याने मॅनेजरकडे भाव कमी करून मागता येतो. एक रुपया कमी झाला तरी 11,904 रुपये वाचतात.

व्हिसा नाकारला तर पैसे परत येतात, पण परत येताना बँक युरो खरेदीच्या भावाने घेते, समजा 102.50 ने. जाताना 107.50, येताना 102.50. म्हणजे भाव तोच राहिला तरी 59,520 रुपये गेले. म्हणून ॲडमिशन हातात आल्याशिवाय ब्लॉक अकाउंट भरण्याची घाई करू नये.

टीसीएस : कापला जातो, पण परत मागता येतो

एका आर्थिक वर्षात एका पॅनवरून 10 लाखांच्या वर पैसे परदेशी पाठवले तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. ही 10 लाखांची मर्यादा एप्रिल 2025 पासून आहे. दर अर्थसंकल्पात बदलत असतो, बँकेत विचारा. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर टीसीएस नाही. स्वतःचे पैसे असतील तर काही रक्कम वडिलांच्या आणि काही आईच्या खात्यातून पाठवली की मर्यादा प्रत्येकाला वेगळी मिळते.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्यातले बरेच जण रिटर्न भरत नाहीत. पण टीसीएस कापला असेल तर रिटर्न भरल्याशिवाय तो परत मिळत नाही.

कर्ज काढणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी विचाराव्यात. परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जात साधारण 15 टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. आणि बऱ्याच बँका शेतजमीन तारण घेत नाहीत, एनए प्लॉट किंवा घर मागतात. सातबारा घेऊन हेलपाटे घालण्याआधी हे शाखेत स्पष्ट करून घ्या.

एकूण बेरीज

- ब्लॉक अकाउंट, 107.50 भावाने : 12,79,680 रुपये
- त्यावरचा जीएसटी आणि ट्रान्सफर चार्ज : 2,540
- ब्लॉक अकाउंट उघडण्याची फी (साधारण 100 युरो) : 10,750
- एपीएस प्रमाणपत्र (2022 पासून सक्तीचं) : 18,000
- इंग्रजीची परीक्षा : 18,000
- युनि-असिस्टमार्फत पाच विद्यापीठांना अर्ज (195 युरो) : 21,000
- व्हिसा फी 75 युरो व इतर : 10,000
- विमान, एकेरी : 45,000
- डिपॉझिट, पहिला महिना, सामान (2,300 युरो) : 2,47,250

एकूण 16,52,220 रुपये. बाडेन-वुर्टेमबर्गची फी असेल तर आणखी 3,22,500. एजंटची फी, जर्मन भाषेचा क्लास, कर्जाचं व्याज आणि टीसीएस यात धरलेले नाहीत.

"तिकडं काम करील की" याचं काय?

विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे. 2026 पासून किमान मजुरी तासाला 13.90 युरो आहे. पण पहिल्या सेमिस्टरला भाषा, परीक्षा आणि काम शोधणं यातच महिने जातात. म्हणून ही कमाई पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरू नका. ब्लॉक अकाउंट मात्र एकाच वर्षाचं असतं आणि मास्टर्स दोन वर्षांचं. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा वाढवताना पैशांची सोय पुन्हा दाखवावी लागते. मुलाची कमाई तिथे उपयोगी पडते. ती पुरली नाही तर घरून किती देता येतील, ते आकडे पहिल्या वर्षाच्या कागदावरच खाली लिहून ठेवा.