जेरंड व इन्फिनिटिव्ह : इंग्रजी क्रियापदांपुढील अर्थभेद

इंग्रजीत एका क्रियापदापुढे दुसरे क्रियापद आणावयाचे झाल्यास ते 'इंग'-प्रत्ययान्त धातुसाधित नामाच्या, म्हणजे जेरंडच्या, रूपाने यावे की 'टु'-पूर्वक तुमंताच्या, म्हणजे इन्फिनिटिव्हच्या, हे बहुधा पहिले क्रियापदच ठरविते : एंजॉय, अव्हॉइड, फिनिश यांना जेरंड लागते, वॉन्ट, होप, डिसाइड यांना तुमंत, तर बिगिन व स्टार्ट यांना दोन्ही चालून अर्थात म्हणण्यासारखी तफावत पडत नाही. खरी अडचण रूपाबरोबर अर्थ पालटणाऱ्या मोजक्या क्रियापदांची आहे.

या पालटाचे कारण असे, की 'टु' हे मूळचे दिशादर्शक अव्यय असल्यामुळे तुमंताचा रोख अजून न घडलेल्या क्रियेकडे असतो, आणि जेरंड घडलेल्या किंवा चालू असलेल्या क्रियेला नामाप्रमाणे हाती धरते. मराठीत पहिले काम चतुर्थीचा 'ला' करतो. बुलढाणा जिल्ह्यातील वऱ्हाडी बोलणारा त्याच जागी 'ले' म्हणतो, आणि हा प्रत्यय कानाशी असलेल्या विद्यार्थ्यास निम्मी वाट सापडलेलीच असते.

दाखला घेऊ. चिखलीहून लोणारला जाताना 'मेहकरला आम्ही चहा प्यायला थांबलो' या वाक्याचे भाषांतर 'वी स्टॉप्ड ड्रिंकिंग टी ॲट मेहकर' असे केले, तर मेहकरला चहा कायमचा सोडल्याचा अर्थ निघतो. पाहिजे ते 'वी स्टॉप्ड टु ड्रिंक टी'. येथे तुमंत हे कर्म नव्हेच, ते थांबण्याचा हेतू सांगते, सबब 'कशासाठी?' या प्रश्नास जे उत्तर देईल ते तुमंत, आणि 'काय थांबविले?' यास देईल ते जेरंड.

'रिमेंबर टु पोस्ट' म्हणजे पत्र टाकायची आठवण ठेवणे, 'रिमेंबर पोस्टिंग' म्हणजे टाकल्याचे आठवणे. मराठीतील 'टाकायची' आणि 'टाकल्याचे' हा भेद येथे तंतोतंत जुळतो. 'फर्गेट'चेही तसेच, मात्र त्यापुढील जेरंड बहुधा नकारातच आढळते : लोणारचे सरोवर प्रथम पाहिल्याचे मी कधी विसरणार नाही, येथे 'सीइंग'. 'रिग्रेट टु इन्फॉर्म' हा सरकारी पत्रातला 'कळविण्यास खेद वाटतो'. 'रिग्रेट टेलिंग' हा सांगून बसल्याचा पश्चात्ताप. 'ट्राय टु ओपन' म्हणजे उघडण्याची खटपट, 'ट्राय ओपनिंग' म्हणजे उघडून पाहणे. 'गो ऑन टॉकिंग' म्हणजे बोलत राहणे, 'गो ऑन टु टॉक' म्हणजे एक काम आटोपून पुढे बोलू लागणे. 'मीन टु गो' हा जाण्याचा बेत. 'मीन गोइंग' म्हणजे त्यापायी जावे लागणे.

'टु' दिसला की तुमंतच, असे मात्र धरू नये. 'लुक फॉरवर्ड टु' यातील 'टु' निव्वळ शब्दयोगी असून त्यापुढे 'मीटिंग' हेच रूप येते; त्या जागी एखादे साधे नाम, जसे 'द फेअर', बसवून पाहावे, आणि ते बसले तर पुढे जेरंडच योजावे.